STA ला १३ टी-स्टेट, JMP ला १०, दोन्ही तीन बाइटच्याच. मग उत्तरात कारण काय लिहायचं?

शेवटचा_बाक

मंडळी, मायक्रोप्रोसेसरचा पेपर तोंडावर आलाय. ८०८५ च्या टायमिंगवर एक मोठा प्रश्न ठरलेलाच असतो. जुन्या पेपरातला हा बघा.

(अ) `STA 8050H` ही इन्स्ट्रक्शन 2000H पासून साठवलेली आहे. तिला किती मशीन सायकल आणि किती टी-स्टेट लागतात ते कारणासह लिहा, टायमिंग डायग्राम काढा.

(ब) क्रिस्टल ६ मेगाहर्ट्झचा असेल तर हा तुकडा पूर्ण व्हायला किती वेळ लागेल?

```
        LXI  B, 04E2H
LOOP:   DCX  B
        MOV  A, C
        ORA  B
        JNZ  LOOP
```

तक्ता माझा पाठ आहे, आकडे झोपेतही सांगेन. अडतंय ते "कारणासह" या शब्दावर. `STA` तीन बाइटची, १३ टी-स्टेट. `JMP` तीन बाइटची, १०. `LXI` तीन बाइटची, १०. आणि `DAD` एकाच बाइटची असून तिलाही १०! याच्यामागे काही सूत्र आहे की नुसतं घोकायचं?

---

शॉर्टकट_शंतनू

सोप्पं आहे रे. जेवढे बाइट तेवढ्या मशीन सायकल. पहिलीला ४ टी-स्टेट, पुढच्या प्रत्येकीला ३. इन्स्ट्रक्शन मेमरीला हात लावत असेल तर वर एक सायकल जास्तीची. `STA` = ४+३+३ आणि लिहायचे ३, झाले १३. `JMP` मेमरीत काही लिहीत नाही, म्हणून १०. `MVI A` दोन बाइट, ७. `MOV A,M` एक बाइट पण मेमरी वाचते, म्हणून ४+३ = ७. `DAD` हा अपवाद, तो पाठ कर आणि पुढे चल. मी एवढ्यावरच पास झालो.

---

रोबोटवेडा

तुम्ही एवढं का गुंतागुंतीचं करताय? एक मशीन सायकल म्हणजे १२ क्लॉक. `STA` ला ४ मशीन सायकल म्हटल्या तर ४८ क्लॉक, क्रिस्टल ६ मेगाहर्ट्झ, म्हणजे ८ मायक्रोसेकंद. आम्ही प्रोजेक्टमध्ये सगळे डिले असेच काढले आणि बरोबर आले.

---

खडूफळा

@रोबोटवेडा, तुमचा हिशोब ८०५१ चा आहे. मूळ ८०५१ मध्ये मशीन सायकल ठरावीक १२ क्लॉकची असते, तिथे तो बरोबरच येणार. इथे प्रश्न ८०८५ चा आहे. यात मशीन सायकलची लांबी ठरलेली नसते, कधी तीन टी-स्टेट, कधी चार, कधी सहा. आणि क्रिस्टलची वारंवारता चिपच्या आत निम्मी होते, म्हणून ६ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवर घड्याळ ३ मेगाहर्ट्झचं आणि एक टी-स्टेट ३३३ नॅनोसेकंदांचा. `STA` चे १३ टी-स्टेट म्हणजे साधारण ४.३३ मायक्रोसेकंद. पेपर तपासताना तुमच्यासारखं १२ ने गुणलेलं उत्तर मला दर वेळी भेटतं, कारण दोन्ही विषय एकाच वर्षाला असतात.

---

रोबोटवेडा

ओह, ८०८५! शीर्षक वाचून सरळ उत्तर द्यायला आलो. चालू द्या.

---

सोल्डरिंगवाली

शंतनूचा नियम बऱ्याच ठिकाणी आकडा बरोबर देतो, पण "कारणासह" म्हटल्यावर तो तोंडघशी पाडेल. बाइट मोजू नका. प्रोसेसर बसवर किती वेळा जातो ते मोजा. प्रत्येक वेळी बाहेर जाऊन एक बाइट आणणं किंवा ठेवणं म्हणजे एक मशीन सायकल. बाइटची संख्या आणि सायकलची संख्या जुळते ती फक्त एवढ्यासाठी, की इन्स्ट्रक्शनचा प्रत्येक बाइटसुद्धा बाहेरूनच आणावा लागतो.

`STA 8050H` घ्या. मेमरीत 2000H ला 32H, 2001H ला 50H, 2002H ला 80H. खालचा बाइट आधी, हे विसरू नका. आता प्रोसेसरच्या जागी बसून बघा. त्याला पहिल्यांदा काहीच माहीत नाही. 2000H ला जाऊन 32H आणतो. हा ऑपकोड आहे, म्हणून तीन टी-स्टेटमध्ये आणल्यावर चौथ्यात तो आत उलगडतो. हा चौथा टी-स्टेट बसचा नाहीच, डोक्याचा आहे. आता त्याला कळतं की आपल्याला दोन बाइटचा पत्ता हवाय. 2001H वरून 50H, 2002H वरून 80H. हे दोन्ही नुसते आकडे, त्यात उलगडण्यासारखं काही नाही, म्हणून तीन-तीन. हा पत्ता तो आतल्या डब्ल्यू आणि झेड या तात्पुरत्या रजिस्टरांत ठेवतो, प्रोग्रॅमला ती दिसत नाहीत. मग चौथी फेरी: पत्ता 8050H, आणि ॲक्युम्युलेटरमधलं जे असेल ते तिथे. तीन. एकूण १३.

`JMP` मध्येही तो पत्ता असाच आणतो, पण तो पत्ता जाऊन बसतो प्रोग्रॅम काउंटरमध्ये. त्यासाठी बाहेर जायला लागत नाही. म्हणून चौथी फेरी नाही, म्हणून १०. कारण विचारलं तर हे कारण.

---

शेवटचा_बाक

ताई, हे जाम पटलं. डायग्राममध्ये मुलं कुठे मार खातात तेही सांगाल का? आमच्या वर्गात सगळे चारही सायकल सारख्याच काढतात, फक्त वर नावं बदलतात.

---

खडूफळा

हे मी सांगतो, कारण रोजचंच आहे.

पहिली जागा म्हणजे चौथी सायकल. तीन सायकलमध्ये वरच्या आठ ॲड्रेस लाइनवर 20H असतं. हात सवयीने चौथीतही 20H लिहितो. तिथे 80H यायला हवं आणि खालच्या लाइनवर टी-१ मध्ये 50H. ही एकच गोष्ट तपासली तरी विद्यार्थ्याला इन्स्ट्रक्शन कळली आहे की चित्र पाठ केलंय ते मला समजतं.

दुसरी जागा वाचणं आणि लिहिणं यातला फरक. खालच्या आठ लाइन पत्ता आणि डेटा दोघांसाठी आहेत. वाचताना टी-१ मध्ये प्रोसेसर त्यावर पत्ता ठेवतो, एएलई वर जाऊन खाली येतो तेव्हा बाहेरचा लॅच तो पत्ता पकडतो. मग प्रोसेसर लाइन सोडून देतो, आरडी खाली जातो आणि थोड्या वेळाने मेमरी आपला बाइट ठेवते. मध्ये एक मोकळी जागा राहते, ती चित्रात तुटक रेषेने दाखवायची. लिहिताना पत्ताही प्रोसेसरचा आणि डेटाही प्रोसेसरचाच, लाइन सोडायचा प्रश्नच येत नाही. पत्त्याला लागूनच डेटा. तिथे तुटक रेषा दिसली की गुण कापतो.

तिसरं, स्टेटस लाइन. आयओ-एम, एस-१, एस-० या क्रमाने ऑपकोड फेचला ०,१,१. मेमरी रीडला ०,१,०. मेमरी राइटला ०,०,१. टी-१ च्या सुरुवातीलाच त्या बदलतात, मध्येच नाही. आणि पहिल्या सायकलच्या टी-४ मध्ये वरच्या लाइनवर 20H तसंच पुढे ओढू नका, तिथे काय असेल याची हमी नसते.

---

शॉर्टकट_शंतनू

ताईंचं बरोबर, पण माझा नियमही तेच उत्तर देतो ना? परीक्षेत तीन तास असतात, प्रोसेसरच्या जागी बसायला कुणाला वेळ आहे. `DAD` सोडून एक उदाहरण दाखवा जिथे माझा नियम चुकतो.

---

सोल्डरिंगवाली

`PUSH B`. एक बाइट, मेमरीत दोनदा लिहिते. तुझ्या नियमाने एक बाइट अधिक "वर एक", म्हणजे ७. उदार होऊन दोन फेऱ्या धरल्यास तर १०. खरं उत्तर १२. `CALL` ला तीन फेऱ्या वाचायच्या, दोन लिहायच्या, म्हणजे १६ वाटतं. खरं १८. आणि `INX H` मेमरीला हातही लावत नाही, तरी ६.

इथे फेच चारऐवजी सहा टी-स्टेटचा असतो. ते दोन कशाला लागतात हे `PUSH` आणि `POP` शेजारी ठेवलं की दिसतं. `POP` १०, `PUSH` १२. दोघी एकच बाइट, दोघींना स्टॅकवर दोन फेऱ्या. `POP` मध्ये स्टॅक पॉइंटर जिथे दाखवतोय तिथूनच वाचायचं असतं, वाढवणं नंतर. `PUSH` मध्ये लिहिण्याच्या आधी पॉइंटर एकने कमी करावा लागतो. तो सोळा बिटांचा आकडा, तो कमी झाल्याशिवाय बसवर पत्ता ठेवताच येत नाही. ते काम फेचच्या शेपटीला होतं. `CALL` आणि `RST` चंही तेच. `INX`, `DCX`, `SPHL`, `PCHL` यांच्यात अख्खी सोळा बिटं हलवायची असतात म्हणून सहा. साधी `RET` आधी वाचते, म्हणून ती `POP` सारखी १०.

---

शॉर्टकट_शंतनू

ठीक, `PUSH` ला माझा नियम बसत नाही. तरी दहातल्या आठ इन्स्ट्रक्शनला बसतो, मी तो सोडणार नाही.

---

कपाटातलं_किट

नमस्कार. विषय निघालाच आहे म्हणून माझं एक गाऱ्हाणं मांडतो. निवृत्तीनंतर माळ्यावरून जुनं ८०८५ चं किट काढलं. क्रिस्टलवर स्वच्छ ६.००० छापलेलं आहे. गंमत म्हणजे प्रश्नात दिलाय तसाच डिले मी लिहिला होता, आकडासुद्धा 04E2H, दहा मिलिसेकंद हवे होते म्हणून. डिले संपला की एक आउटपुट लाइन उलटवायची आणि परत डिले. ऑसिलोस्कोपवर लाइन १०.० ऐवजी १२.५ मिलिसेकंदांनी उलटते. उलटवायच्या इन्स्ट्रक्शन धरल्या तरी त्या काही मायक्रोसेकंदांच्या. अडीच मिलिसेकंद कुठून आले? हिशोब चार वेळा तपासून झालाय. क्रिस्टल म्हातारा झाला असेल का?

---

शेवटचा_बाक

काका, आधी हिशोब एकदा इथेच करू, माझाही (ब) प्रश्न सुटेल. मी असा केला:

```
LXI            : 10      (एकदाच)
DCX+MOV+ORA+JNZ: 6+4+4+10 = 24
1250 फेऱ्या     : 24 x 1250 = 30000
शेवटचा JNZ      : 10 ऐवजी 7, म्हणून -3
एकूण            : 10 + 30000 - 3 = 30007
वेळ             : 30007 / 3 = 10002.3 मायक्रोसेकंद
```

04E2H म्हणजे १२५०. बरोबर आहे का, सर?

---

खडूफळा

बरोबर. ते वजा ३ पुष्कळ जण सोडतात. इथे तीन टी-स्टेटने काही बिघडत नाही, पण लूप पाच-दहा फेऱ्यांचा असेल तर बिघडतं, आणि गुण त्या ओळीला वेगळे असतात. एक शब्दही लिहा की उडी न घेता `JNZ` दुसरा पत्ता-बाइट आणतच नाही, एकच आणते, म्हणून दोनच फेऱ्या, ४+३.

---

शॉर्टकट_शंतनू

मधल्या दोन ओळी कशाला, `MOV A,C` आणि `ORA B`? `DCX B` नंतर लगेच `JNZ`. लूप १६ चा होईल.

---

सोल्डरिंगवाली

`DCX` कुठलाच फ्लॅग बदलत नाही, म्हणून. मग `JNZ` आधीच्या कुठल्यातरी इन्स्ट्रक्शनने ठेवलेला झिरो फ्लॅग बघत बसेल. तो ० असेल तर लूप कधीच संपणार नाही, १ असेल तर एका फेरीत बाहेर. किटवर दोन्ही प्रकार बघायला मिळतात आणि दोन्ही वेळा प्रोग्रॅम कागदावर ठीकच दिसतो. `C` आणि `B` यांचा ऑर घेतला की दोन्ही शून्य असल्याशिवाय झिरो फ्लॅग उभा राहत नाही, त्या दोन ओळी यासाठी.

@कपाटातलं_किट, काका, क्रिस्टल म्हातारा होऊन पंचवीस टक्के नाही घसरत. तुमचं प्रमाण बघा, १२.५ ला १०. अगदी सव्वापट. हे प्रमाणच बोलतंय.

तीन संशयित धरू. पहिला, क्रिस्टल निम्मा होतो हे विसरणं. तसं असतं तर मापलेला वेळ हिशोबाच्या दुप्पट आला असता. नाही आला. दुसरा, आकडे चुकून ८०८० च्या तक्त्यातून घेणं. ८०८० मध्ये `DCX` ५, `MOV` ५, `ORA` ४, `JNZ` कायम १०. बेरीज तीच २४ येते! म्हणजे या लूपमध्ये तो घोळ असता तरी दिसलाच नसता. तिसरा, रेडी लाइन.

लूपमधल्या फेऱ्या मोजा. `DCX` एक, `MOV` एक, `ORA` एक, `JNZ` तीन. सहा मशीन सायकल. प्रत्येकीत एक जादा टी-स्टेट घुसला तर २४ चे ३० होतात. ३० ला २४ ने भागा. सव्वा. तुमच्या किटवर मेमरी हळू आहे आणि कुणीतरी सर्किट टाकून प्रत्येक फेरीत एक वेट स्टेट घातलाय. प्रोसेसर टी-२ मध्ये रेडी लाइन बघतो. ती खाली असेल तर टी-३ ला न जाता एक टी-स्टेट तिथेच थांबतो, परत बघतो. तोवर पत्ता आणि आरडी तसेच धरून ठेवतो, म्हणजे संथ मेमरीला बाइट बाहेर काढायला वेळ मिळतो.

नक्की करायचं तर असं करा. सध्या प्रोग्रॅम ईप्रॉममध्ये असेल. तोच लूप रॅममध्ये टाकून तिथून चालवा. वेट स्टेट फक्त ईप्रॉमसाठी असेल तर रॅममधून सरळ १०.० येतील. रॅममधूनही १२.५ आले तर वेट स्टेट सरसकट आहे, मग रेडी पिनवर प्रोब लावा आणि एएलई बरोबर ताडून बघा, दर फेरीत एक खालची डुबकी दिसायला हवी.

---

शेवटचा_बाक

म्हणजे टी-स्टेट नुसते बेरजेत धरले तर हे कधी कळलंच नसतं, मशीन सायकल वेगळ्या मोजल्या म्हणून कळलं. प्रश्नात "मशीन सायकल आणि टी-स्टेट" दोन्ही का विचारतात ते आत्ता लक्षात आलं. पेपरात वेट स्टेटचं उदाहरण आलं तर हिशोब असाच?

---

खडूफळा

असाच. "प्रत्येक मेमरी सायकलला एक वेट स्टेट आहे" असं दिलं की तुमच्या ३०००७ मध्ये फेऱ्यांची एकूण संख्या मिळवायची. `LXI` च्या ३, लूपच्या ६ × १२५०, शेवटच्या `JNZ` ची एक कमी. ७५०२. बेरीज ३७५०९, भागिले ३, म्हणजे १२.५ मिलिसेकंद आणि थोडे मायक्रोसेकंद. काकांचाच आकडा.

---

कपाटातलं_किट

रॅममध्ये टाकून आत्ताच पाहिलं. १०.० च्या आसपास, पडद्यावर जेवढं वाचता येतं तेवढं. ईप्रॉममधून परत १२.५. म्हणजे वेट फक्त ईप्रॉमला. बोर्डावर ईप्रॉमच्या चिप-सिलेक्टवरून एक फ्लिप-फ्लॉप रेडीकडे गेलेला दिसतोय, इतकी वर्षं मी त्याला रीसेटचा भाग समजत होतो. ताई, आभार.

आता माझीच एक शंका. लॉजिक ॲनलायझर उसना मिळाला आहे. त्यावर शेवटची `JNZ` बघितली. उडी नाही घेतली तरी ती पहिला पत्ता-बाइट खरंच वाचते, मग दुसरा सोडून थेट पुढच्या इन्स्ट्रक्शनच्या ऑपकोडवर जाते. सरांनी लिहिलंय तसंच. पण उडी घ्यायचीच नाही तर तो एक तरी बाइट का वाचायचा? ४ टी-स्टेटमध्येच का संपत नाही?

---

खडूफळा

पुस्तकी उत्तर एवढंच की अटीचा निकाल लागेपर्यंत दुसरी सायकल सुरू झालेली असते. याच्या पलीकडचं कारण मी पेपरात कधी मागितलेलं नाही.

---

सोल्डरिंगवाली

सरांचं उत्तर मला अर्धंच पटतं. `RNZ` सारखी अटीची रिटर्न उडी नाही घेतली तर ६ मध्ये संपते, एकही जादा फेरी न करता. म्हणजे फेचच्या शेपटीत दोन टी-स्टेट जास्त दिले की अट तिथेच ठरवता येते. मग `JNZ` ला ६ चा फेच देऊन तिथेच का नाही थांबवली? माझा अंदाज असा की तसं केलं असतं तर उडी घेताना `JNZ` १० ऐवजी १२ ची झाली असती, आणि लूपमध्ये उडी घेतली जाते तीच बहुतेक वेळा. अटीच्या `RET` ने तो दंड भरलेलाच आहे, घेतली तर १२, साधी `RET` १०. शिवाय उडी नसली तरी प्रोग्रॅम काउंटरला ते दोन्ही बाइट ओलांडून पुढे जावंच लागतं. पण हा अंदाजच, कुणी चिपच्या आतल्या रचनेवरून सांगितलं तर आवडेल.

---

कपाटातलं_किट

हिशोबाला धरून आहे. `CNZ` मात्र ६ चा फेच असूनही उडी न घेता ९ घेते, म्हणजे तीसुद्धा एक बाइट वाचतेच. तुमच्या तर्काने ती सहातच संपायला हवी होती ना?

---

सोल्डरिंगवाली

हो, तिथे माझा अंदाज लंगडा पडतो. `CALL` चा सहाचा फेच स्टॅक पॉइंटर कमी करण्यासाठी आहे, अट ठरवायला नाही, एवढं म्हणून सुटता येईल, पण समाधान होत नाही.

---

शेवटचा_बाक

माझं `DAD` राहिलंच. तिला १० कशामुळे? ती बसवर फक्त एकदा जाते, फेचला. ताईंच्या नियमाने ४ यायला हवेत.

---

सोल्डरिंगवाली

`DAD B` म्हणजे `HL` मध्ये `BC` मिळवायचे. बेरीज करणारं यंत्र आठच बिटांचं आहे. म्हणून आधी `L` मध्ये `C`, मग हातचा धरून `H` मध्ये `B`. प्रत्येक अर्ध्याला तीन-तीन टी-स्टेट. बसला या सहा टी-स्टेटमध्ये काहीच काम नसतं. एएलई येत नाही, आरडी खाली जात नाही, डब्ल्यूआरही नाही. नुसत्या स्टेटस लाइन वाचल्या तर ०,१,० दिसतं, मेमरी रीडसारखंच, त्यामुळे ॲनलायझर फक्त स्टेटसवर लावलेल्याला वाटतं की प्रोसेसर काहीतरी वाचतोय. याला बस आयडल म्हणतात. चित्र काढायला आलं तर एएलईची टेकडी फक्त पहिल्या सायकलला काढ, बाकी दोन्हींना सपाट रेषा.

---

शेवटचा_बाक

मग मशीन सायकल किती लिहू, एक की तीन?

---

खडूफळा

तीन. इंटेलच्या तक्त्यात एक फेच आणि दोन बस आयडल, ४+३+३ असंच दिलेलं आहे.

---

शॉर्टकट_शंतनू

आमच्या सरांनी एक सांगितली होती, "दहा टी-स्टेटची एक सायकल". आणि ताईच वर म्हणाल्या की बाहेर जाऊन एक बाइट आणणं-ठेवणं म्हणजे मशीन सायकल. या दोन आयडलमध्ये कुणी बाहेर जातच नाही. मग त्या मशीन सायकल कशा? आता व्याख्या बदला नाहीतर तक्ता.

---

सोल्डरिंगवाली

मुद्दा बिनतोड आहे, शंतनू. व्याख्या काटेकोर लावली तर त्या दोघी बसत नाहीत. तक्ता त्यांना सायकल म्हणतो कारण आतला टायमिंगचा गाडा त्यांना तसाच चालवतो, टी-१, टी-२, टी-३ करत. मी उत्तरात लिहीन: तीन मशीन सायकल, त्यातल्या दोन बस आयडल, बसवर प्रत्यक्ष देवघेव एकदाच.

---

खडूफळा

असं लिहिलंत तर मी पूर्ण गुण देईन. "एक सायकल, दहा टी-स्टेट" एवढंच लिहिलंत तर नाही. दुसरे परीक्षक काय करतील ते त्यांच्यावर. एका सायकलमध्ये सहापेक्षा जास्त टी-स्टेट ८०८५ मध्ये कुठेच नसतात, वेट स्टेट सोडून, एवढा युक्तिवाद माझ्या बाजूने पुरेसा आहे असं मला वाटतं.

---

शॉर्टकट_शंतनू

मला नाही वाटत. पण पेपर तुम्ही तपासणार, म्हणजे तीन.

---

कपाटातलं_किट

`DAD` आत्ता ईप्रॉममधून चालवून पाहिली. शंभर `DAD B` ओळीने लिहिल्या, आधी आणि नंतर लाइन उलटवली. दोन्ही आयडललाही वेट स्टेट लागला असता तर दर इन्स्ट्रक्शनला १३ टी-स्टेट यायला हवे होते. येतात ११. म्हणजे थांबतो तो फक्त फेचला. माझ्या बोर्डावर रेडी चिप-सिलेक्टवरून येते, आणि आयडलमध्ये तो फ्लिप-फ्लॉप हललाच नसेल, की प्रोसेसरच तिथे रेडीकडे बघत नाही, हे यावरून सांगता येत नाही. रेडी मुद्दाम खाली ओढून बघायचा विचार आहे, कुणी आधी करून पाहिलं असेल तर सांगा.